‘साहेबांनी सांगितलं होतं’: तोंडी आदेश कागदावर कसा येतो

पावसाळ्यातली एक सकाळ. तालुक्याच्या रस्त्यावरच्या एका मोरीवरून रात्रभर पाणी वाहिलं, रस्त्याची एक कडा खचली. शाखा अभियंता जागेवर उभा आहे. कार्यकारी अभियंत्यांचा फोन येतो, ते म्हणतात, “तिथं अजून एक पाईप टाकून घ्या, आजच सुरू करा.” तो म्हणतो, “हो साहेब.” फोन संपतो. संभाषण जेमतेम अर्ध्या मिनिटाचं.

हा प्रसंग काल्पनिक आहे. पण सरकारी बांधकाम खात्यात काम केलेल्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल. आता तीन वर्षं पुढं जा. लेखापरीक्षण पथक विचारतं की मंजूर अंदाजपत्रकात नसलेलं हे काम कुणाच्या आदेशाने झालं? शाखा अभियंता म्हणतो, “साहेबांनी सांगितलं होतं.” साहेब आता दुसऱ्या जिल्ह्यात आहेत. ते म्हणतात, “मी पाईप वाढवायला सांगितला होता, नवी रांग टाकायला नाही.”

कोडं असं की दोघंही खरं बोलत असतील. कुणी शब्द फिरवलेला नाही, कुणी कुणाला फसवलेलं नाही. तरीही एका वाक्याची दोन कामं झाली आणि त्यातलं एक अनधिकृत ठरलं. वरिष्ठांच्या तोंडी सूचनेची लेखी पुष्टी घ्यायची, असा नियम शासकीय सेवेत पूर्वीपासून आहे. तो प्रामुख्याने अशा प्रामाणिक घोटाळ्यासाठी उपयोगी पडतो. मात्र तो वापरायचा कसा, हे फार थोड्यांना नीट सांगितलं जातं.

## एका पाईपाचे दोन अर्थ

रस्त्याखालून पाणी जाण्यासाठी काँक्रीटच्या नळ्या टाकतात, त्यांना बोलीत ह्यूम पाईप म्हणतात. एका नळीची लांबी साधारण अडीच मीटर असते. रस्त्याची रुंदी आणि दोन्ही बाजूंचा उतार धरून दहा मीटर लांबीची मोरी हवी असेल, तर अशा चार नळ्या एकापुढे एक जोडाव्या लागतात. ही झाली एक रांग. नाल्याला पाणी जास्त असेल तर शेजारी दुसरी रांग टाकतात.

कामावरच्या माणसांच्या बोलण्यात ‘पाईप’ हा शब्द दोन्ही अर्थांनी येतो. कधी तो एका नळीसाठी असतो, तर कधी अख्ख्या रांगेसाठी.

साहेबांच्या डोळ्यांपुढे खचलेली कडा होती. बस वळताना चाक खाली जाईल, ही त्यांची काळजी होती. म्हणून असलेल्या रांगेच्या टोकाला आणखी एक नळी जोडायची, तिच्यावर भराव घालायचा आणि कडा रुंद करायची, असं त्यांच्या मनात होतं. शाखा अभियंत्याच्या डोळ्यांपुढे रात्री रस्त्यावरून वाहिलेलं पाणी होतं. सध्याच्या मोरीत ते मावलं नाही, हे त्याने पाहिलं होतं. त्यामुळे ‘अजून एक पाईप’ म्हणजे शेजारी दुसरी रांग, असं त्याने धरलं. पहिल्या अर्थाने काम एका नळीचं आहे आणि डांबराला हात लागत नाही. दुसऱ्या अर्थाने चार नळ्या लागतात, रस्ता आडवा खोदावा लागतो, दोन्ही टोकांच्या भिंती वाढवाव्या लागतात आणि वाहतूक निम्म्या रुंदीतून चालवावी लागते.

त्या फोनवर ‘हो साहेब’ म्हणताना आपण नक्की कशाला होकार देतोय, हे शाखा अभियंत्याला पूर्ण कळलं आहे असंच वाटत होतं. गैरसमज झाला असेल तर तो आपल्याला आतून जाणवत नाही, ही यातली खरी अडचण आहे. शंका आली असती तर त्याने विचारलंच असतं.

## शब्द आधी जातात, अर्थ मागे उरतो

मानसशास्त्रज्ञ जॅकलिन सॅक्स यांनी १९६७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना उतारे ऐकवले आणि त्यातलं एक वाक्य नंतर थोडं बदलून पुन्हा पुढे ठेवलं. हे वाक्य तुम्ही जसंच्या तसं ऐकलं होतं का, असा प्रश्न होता. वाक्य ऐकल्या ऐकल्या विचारलं तर लोकांना रचनेतला बदलही ओळखता येई. मध्ये साधारण अर्ध्या मिनिटाचं दुसरं बोलणं गेलं, की रचनेतला बदल ओळखणं जवळपास अंदाजावर येई. अर्थ बदलला असेल तर मात्र तो लोकांच्या लक्षात येत होता.

म्हणजे ऐकलेल्या वाक्याचे नेमके शब्द मन फार लवकर सोडून देतं आणि अर्थ जपून ठेवतं. रोजच्या जगण्यात हे सोयीचंच आहे. पण जपला जातो तो अर्थ ऐकणाऱ्याने लावलेला असतो. बोलणाऱ्याच्या मनात त्याने स्वतः योजलेला अर्थ राहतो. दोन्ही अर्थ एकच असतील तर काही बिघडत नाही. वेगळे असतील तर दोघांच्या आठवणी पहिल्या दिवसापासून वेगळ्या आहेत, आणि तीन वर्षांनी दोघंही शपथेवर तेच सांगतील.

म्हणूनच तोंडी सूचनेची नोंद करताना उच्चारलेलं वाक्य शक्य तितकं जसंच्या तसं लिहावं आणि आपल्याला समजलेला अर्थ त्याच्या खाली वेगळा लिहावा. बहुतेक पत्रांत हे दोन्ही एकत्र कालवलेलं असतं. ‘दुसरी रांग टाकण्याचे निर्देश आपण दिले’ असं लिहिलं, तर आपला अर्थ साहेबांच्या तोंडी घातला जातो. साहेब ते घाईत वाचतात, ‘पाईपचंच आहे’ म्हणून पुढे सरकतात, आणि फरक लपलेलाच राहतो.

## नियम काय म्हणतो

केंद्रीय आणि अखिल भारतीय सेवांच्या वर्तणूक नियमांत याची स्पष्ट तरतूद आहे. अखिल भारतीय सेवा (वर्तणूक) नियम, १९६८ मधल्या नियम ३ च्या पोटनियम ३ ची मांडणी मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. अधिकाऱ्याने आपल्या उत्तम निर्णयबुद्धीने काम करावं, वरिष्ठांच्या निर्देशानुसार काम करत असेल तेवढाच याला अपवाद, असं तो आधी सांगतो. वरिष्ठांचे निर्देश सामान्यतः लेखी असावेत. तोंडी देणं टाळता येणारच नसेल, तर वरिष्ठाने लगेच त्यांची लेखी पुष्टी करावी. आणि ज्याला तोंडी निर्देश मिळाले त्याने शक्य तितक्या लवकर लेखी पुष्टी मागावी. त्याने ती मागितल्यावर देणं हे वरिष्ठाचं कर्तव्य आहे.

यात जबाबदारी दोन्ही बाजूंवर टाकली आहे. वरिष्ठाने न मागता पुष्टी द्यायची आहे, आणि ती आली नाही तर कनिष्ठाने मागायची आहे. त्यामुळे पुष्टी मागणारा कर्मचारी आगाऊपणा करत नसतो, त्याच्यावर सोपवलेलं कामच करत असतो. केंद्र सरकारच्या इतर कर्मचाऱ्यांसाठीच्या १९६४ च्या नियमांत असंच आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला नियम ३ राज्याच्या कर्मचाऱ्याला हेच सांगतो. वरिष्ठांच्या निर्देशाने काम करताना ते निर्देश शक्य तिथे लेखी घ्यावेत आणि तसं शक्य नसेल तर नंतर लवकरात लवकर लेखी पुष्टी मिळवावी.

नियम असूनही तो पाळला जात नव्हता, म्हणून हा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला. माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन आणि इतर अनेक निवृत्त सनदी अधिकाऱ्यांनी केलेल्या याचिकेवर न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती पिनाकी चंद्र घोष यांनी ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी निकाल दिला. बदल्यांबाबतच्या आदेशांमुळे तो अधिक गाजला. पण त्याचा एक भाग तोंडी आदेशांविषयी आहे. सनदी सेवकांनी तोंडी आदेशांवर काम करू नये, असे आदेश नोंदवले जावेत, आणि १९६८ च्या नियमासारखे निर्देश केंद्राने व राज्यांनी द्यावेत, असं न्यायालयाने सांगितलं. त्यामागचं एक कारण माहितीच्या अधिकाराशी जोडलेलं होतं. जे कागदावर आलंच नाही, त्याची माहिती नागरिक मागणार कशी?

## पत्र कसं दिसतं

आपल्या शाखा अभियंत्याने फोन ठेवल्यावर तासाभरात कार्यालयाच्या ई-मेलवरून असं पत्र पाठवलं असतं, तर?

> विषय: मोरीच्या कामाबाबत आज दूरध्वनीवरून दिलेल्या निर्देशांना लेखी पुष्टी मिळणेबाबत.
>
> महोदय,
>
> आज सकाळी सुमारे १०.४० वाजता आपण दूरध्वनीवरून “तिथं अजून एक पाईप टाकून घ्या, आजच सुरू करा” असे निर्देश दिले आहेत.
>
> यावरून, अस्तित्वातील ९०० मि.मी. व्यासाच्या रांगेशेजारी त्याच व्यासाची दुसरी रांग (२.५ मी. लांबीच्या ४ नळ्या) टाकावयाची आहे, असे माझे आकलन आहे. खचलेल्या बाजूपट्टीची दुरुस्ती यात धरलेली नाही.
>
> या कामासाठी डांबरी पृष्ठभाग खोदावा लागेल व वाहतूक निम्म्या रुंदीतून वळवावी लागेल. सदर बाब मंजूर अंदाजपत्रकात समाविष्ट नाही.
>
> तूर्त जागेवर अडथळे व सूचनाफलक लावले आहेत. खोदकाम सुरू केलेले नाही. आकलनात फरक असल्यास कृपया आज दुपारी २ वाजेपर्यंत कळवावे व निर्देशांना लेखी पुष्टी द्यावी, ही विनंती.
>
> प्रत: उपअभियंता यांना माहितीस्तव.

पत्र पानभरही नाही, पण त्यातलं एकेक वाक्य वेगळं काम करतं.

पहिलं वाक्य घडलेली गोष्ट सांगतं. वेळ, माध्यम आणि उच्चारलेले शब्द एवढंच त्यात आहे. दुसऱ्या परिच्छेदात कामाची व्याप्ती येते आणि ती मोजमापात लिहिली आहे. ‘आवश्यक ती कार्यवाही’ असं लिहिलं असतं तर साहेबांना चूक दिसलीच नसती. ‘४ नळ्या’ वाचल्याबरोबर ती दिसते. त्याच परिच्छेदातलं ‘बाजूपट्टीची दुरुस्ती यात धरलेली नाही’ हे वाक्य मला सगळ्या पत्रात सर्वात मोलाचं वाटतं. काय करणार आहोत हे बहुतेक जण लिहितात, काय करणार नाही हे फार कमी जण लिहितात. साहेबांना नेमकी बाजूपट्टीच हवी होती, त्यामुळे गैरसमज इथे उघडा पडतो.

तिसरा परिच्छेद परिणाम सांगतो. रस्ता खोदावा लागणार आहे आणि पैशाला मंजुरी नाही, हे वरिष्ठाला माहीत करून दिलं की त्यानंतरचा निर्णय त्याने जाणतेपणी घेतलेला असतो. जबाबदारी नोंदवण्याचा खरा अर्थ हाच आहे. ‘जबाबदारी आपली राहील’ असं ठणकावून लिहिण्याची गरज पडत नाही. तशा वाक्यामुळे फक्त चिडचिड वाढते. कुणाला कोणती वस्तुस्थिती कधी कळली, हे कागदावर आलं की जबाबदारी कुणाची ते वाचणाऱ्याला आपोआप समजतं.

शेवटचा परिच्छेद काम कुठवर आलं आहे ते सांगतो. अडथळे लावले, खोदकाम नाही. जे मागे घेता येतं आणि सुरक्षेसाठी लागतं ते लगेच केलं. जे मागे घेता येत नाही ते थांबवून ठेवलं.

आता साहेबांचं उत्तर पाहा. “दुसरी रांग नको. असलेल्या रांगेला डाव्या बाजूस एक नळी वाढवून बाजूपट्टी भरून घ्या. दुसऱ्या रांगेची गरज वाटत असेल तर पाण्याचा हिशेब करून स्वतंत्र प्रस्ताव द्या.” तीन वर्षांनी येणारा वाद इथे दुपारी दोनच्या आत मिटला. शिवाय शाखा अभियंत्याची पाण्याविषयीची काळजीही वाया गेली नाही, ती प्रस्तावाच्या वाटेला लागली. अशा पत्राकडे लोक भविष्यातल्या चौकशीत स्वतःला वाचवण्याचं साधन म्हणून पाहतात. त्याचा अधिक मोठा उपयोग त्याच दिवशी होतो, काम चुकण्याआधी.

> चौकट: पुष्टीपत्र पाठवण्याआधी
>
> ऐकलेले शब्द आणि आपण लावलेला अर्थ वेगवेगळे लिहिले आहेत ना? व्याप्ती मोजता येईल अशा भाषेत आहे ना, आणि काय धरलेलं नाही तेही आहे ना? खर्च, मंजुरी, सुरक्षा यांपैकी वरिष्ठाला माहीत असायला हवं ते सांगितलं आहे ना? आतापर्यंत काय केलं आणि काय थांबवलं, हे वाचणाऱ्याला कळेल ना?

## मधल्या साहेबांचं काय?

पत्राच्या शेवटी उपअभियंत्यांना प्रत दिली आहे. शाखा अभियंत्याचा लगतचा वरिष्ठ म्हणजे उपअभियंता. फोन मात्र त्यांच्याही वरच्या साहेबांचा आला. केंद्रीय सचिवालयाच्या कार्यपद्धती पुस्तिकेत याचा वेगळा विचार केलेला आहे. निर्देश देणारा लगतचा वरिष्ठ नसून त्याच्याही वरचा असेल, तर मिळालेले निर्देश लवकरात लवकर आपल्या लगतच्या वरिष्ठाच्या कानावर घालावेत, असं ती सांगते.

हे सौजन्यापुरतं नाही. उपअभियंत्यांनी त्याच सकाळी त्याच यंत्रासाठी दुसऱ्या गावचं काम लावलेलं असू शकतं. त्यांना माहीतच नसेल तर त्यांचे आणि वरच्या साहेबांचे निर्देश एकमेकांना छेदतील, आणि मध्ये अडकलेला माणूस दोन्हीकडून बोल खाईल.

## ‘चर्चेनुसार’ या शब्दाची फसगत

फोनऐवजी हीच गोष्ट दालनात घडली तर नस्तीवर बहुधा ‘चर्चेनुसार सादर’ असं लिहिलं जातं. आधी वरिष्ठांनी समासात ‘चर्चा करावी’ असा शेरा मारलेला असतो, मग चर्चा होते, आणि पुढच्या टिप्पणीत ‘झालेल्या चर्चेनुसार’ एवढे दोनच शब्द येतात. चर्चा झाली याचा पुरावा नस्तीत राहतो, पण चर्चेत काय ठरलं ते राहत नाही. पाच वर्षांनी नस्ती उघडणाऱ्याला हे शब्द काहीही सांगत नाहीत.

त्याच कार्यपद्धती पुस्तिकेची अपेक्षा अशी की चर्चेतून निघालेले मुद्दे आणि झालेला निष्कर्ष संबंधित नस्तीवर नोंदवले जावेत. ते करायला दोन ओळी पुरतात. ‘मा. कार्यकारी अभियंता यांच्याशी आज चर्चा झाली. रांग न वाढवता एक नळी डाव्या बाजूस वाढवावी, असे ठरले.’ ही टिप्पणी साहेबांकडे गेली आणि त्यांनी खाली सही केली, की तीच लेखी पुष्टी. वेगळ्या पत्राचीही गरज नाही. कार्यालयात बसून होणाऱ्या कामासाठी मला हीच पद्धत सर्वात चांगली वाटते, कारण विचारणा आणि मान्यता एकाच पानावर, एकाखाली एक राहतात.

## वेळेवर लिहिलेलं का वजनदार ठरतं

घरोघरी दुधाच्या रतीबाची खूण कॅलेंडरवर करतात. महिनाअखेरीस हिशेबात फरक आला तर दूधवाला आणि घरमालकीण दोघंही त्या खुणा मानतात. खुणा घरातच केलेल्या असतात, दूधवाल्याची सही कुठंच नसते, तरीही. कारण त्या रोजच्या रोज, वाद उभा राहण्याआधी झालेल्या असतात. महिना संपल्यावर एका बैठकीत एकाच शाईने तीस खुणा केल्या, तर त्या कोण मानेल?

पुष्टीपत्राचंही असंच आहे. भारतीय साक्ष अधिनियम, १८७२ च्या कलम १५९ मध्ये, घटना घडताना किंवा ती ताजी असताना स्वतः केलेल्या लिखाणावरून साक्षीदाराला आपली आठवण ताजी करण्याची मुभा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही हे तत्त्व ठेवलं आहे. लिखाण घटनेच्या किती जवळचं आहे, याला कायद्यातही महत्त्व आहे.

चौकशी सुरू झाल्यावर मागची तारीख टाकून लिहिलेलं पत्र ओळखणंही फार अवघड नसतं. जावक नोंदवहीत क्रमांक ओळीने पडत जातात. त्या दिवसाच्या दोन क्रमांकांमध्ये घुसवलेला ‘अ’ लावलेला क्रमांक तपासणी अधिकाऱ्याच्या नजरेत लगेच भरतो. समोरच्या कार्यालयाच्या आवक नोंदवहीत त्या पत्राची नोंद नसते. आणखी एक खूण असते ती मजकुरात. जुन्या तारखेच्या पत्रात नंतर कळलेली गोष्ट डोकावते, जसं की तेव्हा ठरलेलाच नसलेला दर. ई-ऑफिसमध्ये तर पत्र कधी तयार झालं आणि कधी पुढे गेलं, हे यंत्रणाच नोंदवते.

व्हॉट्सॲपवर पाठवलेला निरोप चालतो का? काहीच नसण्यापेक्षा तो नक्कीच बरा, आणि जागेवरून तातडीने विचारायला तो सोयीचाही आहे. पण तो एका फोनमध्ये असतो, फोन बदलतो, निरोप पुसले जातात, आणि कार्यालयाच्या नस्तीत त्याचा मागमूस नसतो. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून दाखल करण्याच्या अटीही आहेत. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीवरून गेलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलं की मूळ उपकरणच हजर केलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्यात सांगितलेलं प्रमाणपत्र आवश्यक आहे. म्हणून व्हॉट्सॲपवर विचारलं असेल, तरी त्याच दिवशी तोच मजकूर कार्यालयीन ई-मेलवर किंवा नस्तीत आणावा.

## साहेबांनी उत्तरच दिलं नाही तर?

हा प्रश्न प्रत्यक्षात सर्वात जास्त वेळा येतो. आणि त्याचं उत्तर सरकारी नोकरीत आणि कंत्राटात वेगवेगळं आहे.

मोठ्या, विशेषतः आंतरराष्ट्रीय कर्जावरच्या प्रकल्पांत ‘फिडिक’ या सल्लागार अभियंत्यांच्या महासंघाच्या नमुना करारअटी वापरतात. १९९९ च्या नमुन्यात अशी व्यवस्था आहे की अभियंत्याने तोंडी सूचना दिली, तर कंत्राटदाराने दोन कामकाजाच्या दिवसांत तिची लेखी पुष्टी पाठवावी. ती मिळाल्यावर अभियंत्याने पुढच्या दोन कामकाजाच्या दिवसांत लेखी नकार किंवा वेगळी सूचना दिली नाही, तर कंत्राटदाराचं पत्र हीच अभियंत्याची लेखी सूचना ठरते. इथे मौन म्हणजे संमती, कारण दोन्ही पक्षांनी करारावर सही करतानाच ते मान्य केलेलं आहे.

शासकीय वर्तणूक नियमांत अशी मुदत नाही. तिथे कनिष्ठाने ‘दोन दिवसांत न कळवल्यास मान्यता आहे असे समजण्यात येईल’ असं लिहिलं, तरी त्याने मान्यता निर्माण होत नाही. वरिष्ठाची मान्यता कनिष्ठ गृहीत धरू शकत नाही. असं वाक्य लिहून निर्धास्त राहणारे पुढे अडचणीत येतात.

मग पत्राचा उपयोग काय उरला? बराच उरतो. नियमाने कनिष्ठावर टाकलेलं पुष्टी मागण्याचं कर्तव्य त्याने बजावलं, हे त्यातून सिद्ध होतं. सूचना कनिष्ठापर्यंत कोणत्या अर्थाने पोचली, हे वरिष्ठांना कळलं होतं आणि त्यांनी ती दुरुस्त केली नाही, हेही दिसतं. मात्र त्यासाठी पत्र पोचल्याची खूण हवी. हाती दिलं असेल तर पोच, ई-मेल असेल तर पाठवल्याची नोंद. केंद्राची कार्यपद्धती पुस्तिका तर सांगते की पुष्टी मागणारं पत्र मिळाल्याची पोच वरिष्ठांनी किंवा त्यांच्या वैयक्तिक कर्मचाऱ्यांनी द्यावी. एक-दोन दिवसांनी पहिल्या पत्राचा दिनांक देऊन एक छोटं स्मरणपत्र पाठवावं. आणि मागे घेता न येणारं काम तातडीचं नसेल, तर ते तोवर थांबवावं. तातडी असेल, म्हणजे माणसाच्या जिवाला धोका असेल, तर धोका टळेल एवढंच काम करावं आणि ते तेवढंच का केलं, हे त्याच दिवशी लिहावं.

पत्राचा सूर इथे फार फरक पाडतो. ‘आपण तोंडी आदेश दिल्याने लेखी आदेशाशिवाय काम करता येणार नाही’ हे वाक्य नियमाला धरून असेल, पण साहेब ते आव्हान म्हणून वाचतात आणि उत्तर लांबतं. ‘माझे आकलन बरोबर आहे का, कृपया पाहावे’ या वाक्याला नाराज होणं कठीण असतं. शिवाय उत्तर एका ओळीत देता येईल असं पत्र लिहिलं, तर उत्तर येण्याची शक्यता वाढते.

## पत्र कुठे कामाला येत नाही

पुष्टी मिळाली म्हणजे बेकायदा गोष्ट कायदेशीर होत नाही. न झालेल्या कामाचं मोजमाप मोजमाप पुस्तिकेत लिहा, असं साहेबांनी सहीनिशी कळवलं, तरी ते लिहिणारा दोषीच राहतो. सहीमुळे दोषात आणखी एक भागीदार आला, इतकंच. अशा वेळी पुष्टी मागायची नसते, हे नियमात बसत नाही असं कारणासह लेखी कळवायचं असतं.

दुसरी मर्यादा १९६८ च्या नियमातच, स्पष्टीकरणाच्या रूपात लिहिली आहे. अधिकारांच्या वाटपानुसार जिथे वरिष्ठांची सूचना किंवा मान्यता लागतच नाही, तिथे ती मागून आपली जबाबदारी टाळण्याची मोकळीक हा नियम देत नाही. आपल्या उदाहरणात, खचलेल्या कडेपाशी अडथळे आणि सूचनाफलक लावणं हे शाखा अभियंत्याचं स्वतःचं काम आहे. त्यासाठी त्याने ‘लावू का’ असं पत्र पाठवलं, उत्तराची वाट पाहत संध्याकाळ केली आणि अंधारात एखादा दुचाकीस्वार त्या खड्ड्यात गेला, तर नस्तीतलं ते पत्र त्याच्याविरुद्धच उभं राहील. कारण धोका त्याला सकाळीच माहीत होता, हे त्याने स्वतःच्या सहीने लिहून ठेवलेलं असेल.